सॅटेलाइटच्या डायग्राममधला बाण: h की r?

गणिताचा फोटो येतो, त्यात गोल पृथ्वी, बाहेर सॅटेलाइट आणि मधे एक बाण, पण पानाच्या घडीत नेमकं बाणाचं टोक दिसत नाही, म्हणजे तो पृष्ठभागापासून निघणारा h आहे की केंद्रापासून निघणारा r ते कळत नाही. सगळं गणित तिथेच फसतं.

हे चित्र मुळात न्यूटनचं आहे. उंच डोंगरावरून तोफगोळा आडवा मारायचा, वेग वाढवत न्यायचा, गोळा आणखी आणखी लांब पडतो आणि शेवटी पडत पडतच पृथ्वीला फेरी मारतो. हे चित्र त्याच्या मृत्यूनंतर, 1728 मध्ये छापलं गेलं. चंद्राचं गणित मात्र त्याने आधीच केलं होतं. चंद्र साधारण 60 पृथ्वी-त्रिज्या लांब, म्हणजे तिथे g 60 च्या वर्गाने, 3600 पटीने कमी हवा, 9.8 भागिले 3600, साधारण 0.0027. आणि चंद्राच्या 27.3 दिवसांच्या फेरीवरून काढलेलं त्वरणही तेवढंच येतं! हे 60 त्रिज्या केंद्रापासूनचे बरं का. अख्खा गोल जणू केंद्रातूनच ओढतो हे त्याला वेगळं सिद्ध करावं लागलं होतं, म्हणून सूत्रात r येतो, नुसता h नाही.

दुसरी गोष्ट, न्यूटनकडे G ची किंमतच नव्हती. ती काढता येईल असा प्रयोग कॅव्हेंडिशने केला, तो थेट 1798 मध्ये. तोवर सगळं गुणोत्तरांवर चालायचं, आणि आजही G आणि M दिलेले नसले तर आपण तेच करतो, GM च्या जागी gR² टाकतो.

आता 400 किमी उंची घ्या, साधारण स्पेस स्टेशन फिरतं तेवढी. पृथ्वीची त्रिज्या R = 6400 किमी, म्हणून r = R + h = 6800 किमी.

```
v  = √(gR²/r) ≈ 7.68 km/s
gₕ = g(R/r)²  ≈ 8.68 m/s²
```

आता v²/r काढून बघा, परत 8.68 च येतं. म्हणजे क्रिटिकल व्हेलॉसिटी आणि उंचीवरचा g हे वेगळे प्रश्न नाहीतच, चंद्रासाठी न्यूटनने जुळवलं तेच हे. आणि चुकून r च्या जागी 400 टाकलात तर वेग 31.7 km/s येतो, एस्केप व्हेलॉसिटी 11.2 च्याही वर, मग तो सॅटेलाइट कक्षेत राहीलच कसा? असं उत्तर आलं की समजायचं, बाण चुकीचा वाचलाय.

चित्रावरून अंदाज मात्र बांधू नका. वहीत पृथ्वीची त्रिज्या 6.4 सेमी काढली तर हा सॅटेलाइट रेषेपासून फक्त 4 मिलिमीटर वर येतो, छापताना तो लांब दाखवतात, म्हणून तिथे g जवळजवळ संपला असेल असं पोरांना वाटतं, प्रत्यक्षात तो 88 टक्क्यांच्या वर शिल्लक असतो.