मूळपदावर परत येणं (नारदीय कीर्तन)

भाषणाच्या सुरुवातीला एक चित्र ऐकणाऱ्यांसमोर ठेवायचं आणि शेवटच्या वाक्यांत त्याच चित्रावर परत यायचं, ही पद्धत मराठीत सगळ्यात पक्की बसलीये ती नारदीय कीर्तनात. बुवा नमन झालं की एक अभंग घेतात, तो मूळपद. पूर्वरंगात त्याचं निरूपण, मग मधे थोडं भजन, बुक्का-हार वगैरे, नंतर उत्तररंगात आख्यान म्हणजे गोष्ट, आणि गोष्ट संपली की पुन्हा मूळपद.

उदाहरण म्हणून तुकोबांच्या 'लहानपण दे गा देवा' मधली 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती' ही ओळ घेऊ. इथे बुवांनी नम्रतेवर लगेच बोलायला लागू नये, आधी लव्हाळा दाखवावा. नदीकाठचं ते लांब पात्याचं गवत, पूर आला की आडवं होतं, पाणी त्याच्यावरून जातं, ओसरलं की पात्यांना गाळ लागलेला असतो पण मूळ जागेवरच. हा गाळ महत्त्वाचा, कारण शेवटी तोच कामाला येतो.

मग आख्यान लावायचं एकनाथांचं. पैठणला नाथ गोदावरीवर आंघोळ करून येतात, वाटेत एक माणूस अंगावर थुंकतो, नाथ काही न बोलता परत नदीवर जातात, आंघोळ करून येतात, तो पुन्हा थुंकतो. परंपरेत हे १०८ वेळा झालं असं सांगतात. शेवटी तोच थकतो आणि पाय धरतो. या अख्ख्या गोष्टीत लव्हाळ्याचं नाव एकदाही काढायचं नाही, फक्त नदी, पायऱ्या आणि ओलं अंग डोळ्यांसमोर राहू द्यायचं. लोकांना लव्हाळा स्वतःच सापडायला हवा ना.

परत येताना मात्र चित्र जसंच्या तसं ठेवून चालत नाही, आता त्यात नाथ उभे असतात. 'अंगावरून एवढं सगळं वाहून गेलं, गाळ लागला, तो गोदेतच धुतला, मूळ हललं नाही' एवढं बोलून बुवांनी थांबावं, पेटीवाल्याने सूर द्यावा आणि 'महापुरे झाडे जाती' एवढंच म्हणावं. जमलं असेल तर पुढचं 'तेथे लव्हाळे वाचती' समोरची माणसं आपणहून म्हणतात, याहून खात्रीची खूण माझ्या पाहण्यात नाही.

फसतं ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी. पूर्वरंगात मुंगी, ऐरावत, लव्हाळा सगळंच सारखं रंगवलं तर तासाभराने नेमकं काय आठवायचं तेच कळत नाही. गोष्ट पदाशी जुळणारी नसेल तर शेवटी ओढूनताणून जोडावी लागते आणि लोक चुळबुळायला लागतात. आणि तिसरं, जे चांगल्या चांगल्यांकडून होतं, ओळ म्हणून झाल्यावर 'म्हणजे नाथ हेच लव्हाळं बरं का' असं समजावून सांगणं, त्या एका वाक्याने दीड तासाची मेहनत पाण्यात जाते. ओळ संपली की सरळ 'हेचि दान देगा देवा' आणि आरती.