दुसऱ्या उत्तराचे गुण पहिलं उत्तर ठरवतं तेव्हा

पेपर तपासायला बसलेल्या परीक्षकासमोर एक प्रश्न आहे: बंद भांड्यातली हवा तापवली तर दाब का वाढतो? एका मुलीच्या उत्तरपत्रिकेत लिहिलंय, ‘उष्णतेने हवा पसरू पाहते, पण जागा नसते, म्हणून दाब वाढतो.’ उत्तर अर्धवट आहे. रेणूंचा वेग वाढतो आणि ते भिंतींवर जास्त वेळा, जास्त जोरात आदळतात, हा गाभा त्यात नाही. पण ते साफ चूकही म्हणता येत नाही.

याच मुलीने पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेटकं, मुद्देसूद लिहिलं असेल तर परीक्षकाला वाटतं, हिला माहीत आहे, फक्त थोडक्यात लिहिलंय. पाचपैकी चार. तेच वाक्य पहिलं उत्तर गडबडलेल्या मुलाच्या पेपरात आलं, तर परीक्षकाला त्यात वेगळंच दिसतं: कल्पना स्पष्ट नाही, मोघम लिहून वेळ मारून नेली आहे. पाचपैकी दोन. शब्द तेच, गुण दुप्पट. आणि दोन्ही वेळा परीक्षक प्रामाणिकच होता.

याला मानसशास्त्रात हेलो इफेक्ट म्हणतात. हेलो म्हणजे चित्रांतल्या संतांच्या डोक्यामागचं तेजोवलय. एका गुणाचा उजेड बाकीच्या सगळ्या गुणांवर पडतो, आणि एखादा दोष ठसला तर त्याची सावलीही तशीच पसरते. हे नाव रुळलं ते एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या 1920 सालच्या लेखामुळे. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा गोष्टींसाठी वेगवेगळे गुण दिले होते. थॉर्नडाइकला खटकलं ते हे, की सगळे आकडे एकमेकांशी फारच जुळत होते. धिप्पाड माणूस बुद्धिमानही ठरत होता. बुद्धी आणि नेतृत्व थोडंफार सोबत असू शकतं, पण शरीरयष्टीचा बुद्धीशी इतका मेळ बसायचं कारण काय? हेलो इफेक्ट पकडायची खूण आजही तीच आहे: जे गुण एकमेकांपासून स्वतंत्र असायला हवेत, त्यांचे आकडे सरसकट एकत्र वर जातात किंवा एकत्र खाली येतात.

पुढे नोबेल मिळवलेले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान प्राध्यापक असताना निबंधवजा उत्तरं तपासायचे, तेव्हा हीच खूण त्यांना स्वतःच्या गुणांमध्ये दिसली. एक उत्तरपत्रिका उचलायची, तिच्यातली सगळी उत्तरं ओळीने वाचायची, मग पुढची घ्यायची, अशी त्यांची नेहमीची रीत होती. एकाच विद्यार्थ्याच्या उत्तरांना मिळालेले गुण विलक्षण सारखे येत होते. दोन्ही निबंधांना समान वजन आहे असं त्यांनी वर्गात सांगितलं होतं, पण प्रत्यक्षात आधी वाचलेल्या निबंधाचं वजन कितीतरी जास्त होतं.

मग त्यांनी क्रम बदलला. आधी सगळ्या मुलांचा पहिला निबंध, ते संपल्यावर सगळ्यांचा दुसरा. पहिल्याचे गुण मुखपृष्ठावर न लिहिता मागच्या पानाच्या आत लिहायचे, म्हणजे दुसरा वाचताना चुकूनही नजर जाणार नाही. परिणाम अस्वस्थ करणारा होता. एकाच मुलाच्या दोन उत्तरांचे गुण बऱ्याचदा एकमेकांपासून लांब पडू लागले, आणि तपासताना पूर्वीसारखा आत्मविश्वास वाटेना. मागचे गुण पाहून दुसरा आकडा थोडा सरकवावा, असा मोहही झाला. मला ही नोंद फार मोलाची वाटते, कारण आधीचा तो निश्चिंतपणा अचूकतेतून आलेलाच नव्हता.

नोकरीच्या मुलाखतीत हा गुंता आणखी घट्ट असतो. तिथे ‘पहिलं उत्तर’ म्हणजे उमेदवार दारातून आत येण्याची ढब, आवाज, चेहरा. आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासारखा इथे क्रम बदलता येत नाही. कानेमान यांनी 1950च्या दशकात, विशीतच असताना, इस्रायली सैन्यातल्या भरतीच्या मुलाखतींसाठी वेगळा उपाय केला होता. गप्पांमधून एकंदर मत बनवण्याऐवजी सहा गुणवैशिष्ट्यं ठरवली. प्रत्येकासाठी आधीच्या आयुष्यातल्या घडलेल्या गोष्टींबद्दल प्रश्न, उदाहरणार्थ किती नोकऱ्या केल्या, कामावर वेळेवर जायचे का. आणि एका वैशिष्ट्याचा आकडा लिहून झाल्याशिवाय पुढच्याकडे वळायचं नाही.

मुलाखत घेणारे नाराज झाले. आपली जाण काढून घेऊन आपल्याला यंत्र केलं जातंय, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून शेवटी एक पायरी जोडली: डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून कसा असेल ते डोळ्यांसमोर आणा, आणि एक ते पाच यांतला आकडा द्या. काही महिन्यांनी प्रत्यक्ष कामगिरीशी ताडून पाहिलं, तेव्हा सहा आकड्यांची बेरीज जुन्या मुलाखतीपेक्षा बरीच सरस ठरली. आणि डोळे मिटून दिलेला आकडाही त्या बेरजेइतकाच चांगला निघाला. जुन्या पद्धतीतही तो अंदाजच होता, फक्त इथे तो सहा आकडे कागदावर उतरल्यानंतर आला होता.