कंपनीच्या नावाचे बिल आणि दुकानाचे साधे बिल: क्लेम परत का येतो

गोव्यातल्या एका कंपनीच्या हिशेब विभागात मी कर्मचाऱ्यांचे खर्चाचे क्लेम तपासते, आणि दर महिन्याच्या शेवटी तोच एक गोंधळ माझ्या टेबलावर येऊन पडतो. म्हणून तो एकदाचा सविस्तर लिहून ठेवते.

पैसे दिल्याचा पुरावा म्हणजे काय, हे आता सर्वांना ठाऊक आहे. यूपीआयचा स्क्रीनशॉट, कार्डाची चिठ्ठी किंवा बँकेचा संदेश आला की रक्कम, तारीख आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले एवढे कळते. काय घेतले, ते त्यावर कुठेच नसते. त्यामुळे नुसत्या स्क्रीनशॉटवर क्लेम मंजूर होत नाही, आणि बहुतेकांना हे मान्यही आहे. कापलेला, काही भाग गायब असलेला स्क्रीनशॉट मात्र कृपया पाठवू नये. व्यवहार क्रमांक अनेकदा त्याच भागात असतो.

खरी अडचण पुढची आहे. दुकानाने छापून दिलेले बिल आणि कंपनीच्या नावाने झालेले बिल दिसायला जवळजवळ सारखेच असतात. दोन्हींवर दुकानाचे नाव, दुकानाचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, वस्तू आणि कराचा आकडा असतो. म्हणून लोकांना वाटते की दुकानाचा जीएसटी क्रमांक छापलेला आहे, म्हणजे हे जीएसटीचे पक्के बिल झाले. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ते पक्के बिल आहे, पण ते कोणाला दिलेले आहे? खरेदीदाराच्या रकान्यात कंपनीचे नाव, पत्ता आणि कंपनीचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक नसेल, तर दुकानाच्या नोंदीत ती विक्री अनोळखी ग्राहकाला झालेली असते. दुकानदार दर महिन्याला, किंवा लहान असल्यास तिमाहीला, आपल्या विक्रीचे जीएसटीआर-१ हे विवरण भरतो. त्यात नोंदणीकृत खरेदीदारांची बिले त्यांच्या क्रमांकासह एकेक करून जातात, आणि लहान रकमेच्या बाकीच्या ग्राहकांची विक्री एकत्रित आकड्यात जाते. पहिल्या प्रकारचे बिल आमच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी आमच्या नावे दाखवलेल्या खरेदीच्या यादीत, उमटते. दुसऱ्या प्रकारचे उमटत नाही, आणि जे तिथे उमटत नाही त्यावरील कराचे क्रेडिट, म्हणजे तो कर कंपनीने भरायच्या करातून वजा करण्याची मुभा, कंपनीला घेता येत नाही.

एक उदाहरण बघू. आमच्या एका सहकाऱ्याने मडगावच्या एका दुकानातून कार्यालयासाठी ५,९०० रुपयांची हार्ड डिस्क आणली. मूळ किंमत ५,०००, त्यावर ९ टक्के केंद्रीय कर म्हणजे ४५० आणि तेवढाच राज्य कर, असा १८ टक्के कर होता. बिलावर खरेदीदार म्हणून त्यांचे स्वतःचे नाव होते, आणि खाली त्यांनी निळ्या पेनने कंपनीचा जीएसटी क्रमांक लिहिला होता. क्रमांक अगदी अचूक, ३० पासून सुरू होणारा, म्हणजे गोव्याचाच होता. पण पेनाने लिहिलेला क्रमांक दुकानाच्या संगणकात शिरत नाही. आमच्या कागदावर तो आहे, दुकानाच्या विवरणात नाही, म्हणून पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार झालेल्या २बी यादीत तो दिसला नाही. बिल बरोबर असते तर त्या डिस्कचा कंपनीला पडणारा खर्च ५,००० रुपये झाला असता आणि ९०० रुपये क्रेडिट मिळाले असते. तसे नसल्याने खर्च ५,९०० झाला. खरेदी खरी होती, वस्तू कार्यालयात टेबलावर होती, पैसेही गेले होते, आणि तरीही ९०० रुपये हातचे गेले.

हे वाचवता आले असते, फक्त वेळेवर. दुकानदाराने त्या महिन्याचे जीएसटीआर-१ भरण्याआधी (महिन्याला भरणाऱ्यांसाठी साधारण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत) जुने बिल रद्द करून कंपनीच्या नावाने नवे बिल काढले असते, तर सगळे सुरळीत झाले असते. विवरण भरून झाल्यावर दुरुस्ती अशक्य नसली, तरी दुकानदाराला पुढच्या विवरणात मागची एकत्रित विक्री कमी करून हे बिल वेगळे दाखवावे लागते. ५,९०० रुपयांच्या गिऱ्हाइकासाठी ती खटपट करणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही. म्हणून माझा आग्रह असा की बिल हातात घेताना आधी खरेदीदाराचा रकाना वाचावा, रक्कम नंतर. आणि पेनाने क्रमांक कधीच लिहू नये; त्यामुळे बिल सुधारत नाही, उलट छापील कागदावर कोणीतरी भर घातली म्हणून मला ते बाजूला ठेवावे लागते.

लहान व्यावसायिकांसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेतला दुकानदार ग्राहकाला कर लावतच नाही, त्याच्या बिलावर कर आकारण्यास पात्र नाही असे छापलेले असते. ते बिल खर्चासाठी चालते, क्रेडिटचा प्रश्नच नसतो.

हॉटेलच्या बिलात याच मुद्द्याचा आणखी एक पीळ आहे, आणि त्यावर मी जितका वेळ घालवला आहे तितका इतर कशावर नाही. हॉटेलच्या मुक्कामाचा कर हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा धरला जातो. पुण्याच्या हॉटेलने आमचा ३० ने सुरू होणारा गोव्याचा क्रमांक बिलात अगदी नीट घेतला, तरी त्यावर महाराष्ट्राचा कर लागतो आणि गोव्याच्या नोंदणीला त्याचे क्रेडिट मिळत नाही. ते बिल २बीमध्ये दिसते, पण क्रेडिट न मिळणाऱ्या भागात. कंपनीची महाराष्ट्रातही नोंदणी असेल, तर पुण्याच्या मुक्कामासाठी २७ ने सुरू होणारा क्रमांक द्यावा. नसेल, तर गोव्याचाच क्रमांक द्यावा, म्हणजे निदान खर्च कंपनीच्या नावाने नोंदला जाईल. क्रमांक निघताना नव्हे, आत शिरतानाच काउंटरवर सांगावा, कारण खोलीची नोंद ज्या नावाने होते त्याच नावाने बिल छापले जाते.

विमानाचे वेगळे आहे. तिथे नोंदणीकृत खरेदीदाराचा कर त्याच्याच राज्याचा धरला जातो, म्हणून मोपा किंवा दाबोळीहून कुठेही गेलात तरी गोव्याच्या क्रमांकावर क्रेडिट मिळू शकते. त्यासाठी तिकीट किंवा बोर्डिंग पास पुरत नाही; विमान कंपनीचे कर-बिल वेगळे असते आणि ते तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे लागते. बुकिंगच्या वेळी क्रमांक भरायला विसरू नये. तिकीट एखाद्या बुकिंग साइटवरून काढले असेल, तर साइटचे बिल बहुधा फक्त तिच्या सेवाशुल्काचे असते, भाड्याचे नसते, हेही ध्यानात ठेवावे.

साध्या कदंबा बसचे तिकीट मात्र तसेच जोडावे, त्या प्रवासाचे बिल तेच. काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्याकडे छापील बिल नसेल, तर गाडीचा क्रमांक, कुठून कुठे, तारीख, रक्कम आणि चालकाची सही असलेली हातची पावती मी स्वीकारते, आणि तिच्यासोबत यूपीआयचा पूर्ण स्क्रीनशॉट मागते.