गोळ्यांच्या पावसात वाचतं कोण?

"बुलेट हेल गेममध्ये अख्खी स्क्रीन गोळ्यांनी भरते. विजेसारखे हात असतील तरच वाचता येतं, नाहीतर नशीब."

असं अनेकांना वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. आधी 'तोउहोउ' या जपानी मालिकेतला 2003 नंतरचा एखादा मुख्य शूटिंग गेम लावा आणि Shift दाबून धरा. पात्राचा वेग मंदावतो आणि त्याच्या अंगावर एक छोटा पांढरा ठिपका दिसतो. गोळी या ठिपक्याला लागली तरच जीव जातो. केसांतून, कपड्यांतून ती आरपार गेली तरी काही होत नाही. म्हणूनच जिथे चित्र मावत नाही, तिथून ठिपका निघतो.

दुसरं म्हणजे गोळ्यांची रचना. शत्रू नेम धरून पंख्यासारख्या पाच गोळ्या सोडतो, तेव्हा मधली थेट तुमच्यावर येते आणि जरासं सरकावं लागतं. चारच सोडल्या, तर मधल्या दोन तुमच्या दोन्ही बाजूंनी जातात. तेव्हा स्थिर राहणारा वाचतो, घाबरून हलणारा मरतो. नवशिक्यांचे बरेच जीव इथेच जातात, असं मला वाटतं.

रिप्ले पाहताना गोळ्या मोजा, फरक लगेच कळेल. काही हल्ल्यांत गोळ्या खरोखर कशाही विखुरतात. तिथे मात्र नजर आणि हातच कामी येतात.