पडद्यावर मराठी, आत भलतंच

समजा, कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधल्या एका दुकानदाराने वेबसाइट काढली. माहिती घेतली ती प्रेसमधल्या जुन्या ब्रोशरमधून, जशीच्या तशी कॉपी करून. पडद्यावर 'कोल्हापूर' असं सुबक अक्षर दिसतं. पण दृष्टिहीन ग्राहकाचा स्क्रीन रीडर तिथे अगम्य काहीतरी पुटपुटतो.

स्क्रीन रीडरला अक्षराचा आकार दिसत नाही. ब्राउझर त्याला अक्षरांचे संकेतांक देतो आणि त्यांवरून आवाज तयार होतो. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा संकेतांक आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांनाच देवनागरी चेहरे चढवलेले असतात. त्यात 'कोल्हापूर' प्रत्यक्षात असं साठवलेलं असतं:

```
dksYgkiwj
```

रीडर हेच वाचणार. त्यात त्याची चूक नाही. तपासणी सोपी आहे. साइटवरचा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी तशीच राहिली तर ठीक, dksY असलं काही उमटलं तर मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, म्हणून नंतर प्रूफ वाचावंच लागतं.

युनिकोड झालं तरी एक अडचण उरते. देवनागरी मराठीचीही आणि हिंदीचीही, त्यामुळे लिपीवरून भाषा ठरत नाही. 'चार' आणि 'चारा' यांतले च आपण वेगळे उच्चारतो. हिंदी आवाज दोन्ही सारखेच म्हणतो. तयार टेम्प्लेटमध्ये तर बहुतेक वेळा भाषा इंग्रजी नोंदवलेली असते आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी शब्द चक्क गाळतात. उपाय एका ओळीचा आहे:

```html
<html lang="mr">
```

मग ग्राहकाच्या यंत्रात मराठी आवाज असेल तर रीडर तो निवडू शकतो. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी आहे. आवाज यांत्रिक आहे, पण समजतो.

राहिला भावफलक. दुकानदार त्याचा फोटो काढून साइटवर टाकतो आणि रीडर नुसतं 'ग्राफिक' म्हणून पुढे जातो. फोटोला `alt` मध्ये वर्णन देता येतं. चपलेच्या फोटोला 'तपकिरी कोल्हापुरी, वेणीची नक्षी' एवढं पुरतं. भावफलकाचं मात्र खरं टेबल करा आणि मथळ्यांना `<th>` लावा. मग एनव्हीडीएत `Ctrl+Alt` दाबून बाणाच्या कळांनी ग्राहक एकेका घरात फिरतो आणि रकाना बदलला की 'माप', 'किंमत' हे मथळेही त्याला ऐकू येतात. नाहीतर कुठला आकडा मापाचा आणि कुठला रुपयांचा, हे त्याने ओळखायचं कसं?

एवढं करूनही मराठी आवाज एखादा च किंवा ज चुकीचा उच्चारेल. तो सुधारावा म्हणून मुद्दाम चुकीचं शुद्धलेखन करू नका. बोटांनी ब्रेल डिस्प्लेवर वाचणाऱ्याला तीच चूक अक्षरशः हाताला लागते, आणि शोधयंत्रालाही तो शब्द सापडत नाही.