वर्षाअखेरची स्टॉकमोजणी आणि सायकल काउंट: दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं

डिसेंबर १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचं बिंग फुटलं. ताळेबंदात सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलरची मालमत्ता दाखवली होती, त्यातली १ कोटी ९० लाखांची मुळात नव्हतीच. या बनावट रकमेतला निम्म्याहून थोडा जास्त भाग साठ्याचा होता. कॅनडातल्या गोदामांत कच्चा औषधी माल पडून आहे, असं कागद सांगत होते. लेखापरीक्षकांनी कागद तपासले, पण मालापर्यंत कोणी गेलं नाही, कारण तेव्हा तसा दंडक नव्हता. पुढच्याच वर्षी तिथल्या लेखापालांच्या संस्थेने तो घातला: साठा मोजला जात असताना लेखापरीक्षकाने हजर राहायचं.

वर्षातून एकदा माल मोजायची रीत त्याहून कितीतरी जुनी. आपल्याकडे अनेक पेढ्यांचं हिशेबी वर्ष दिवाळीला संपायचं, म्हणून मोजणी वहीपूजनाच्या आधी. आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपू लागलं ते १९८९ पासून. तारीख कुठलीही असो, या मोजणीचा प्रश्न एकच: आज गोदामात किती रुपयांचा माल आहे?

इथेच तिची मर्यादा आहे. एका खणात ५ बेअरिंग कमी आणि शेजारच्या खणात तेवढ्याच किमतीची ५ जास्त निघाली, तर रुपयांत फरक शून्य. ताळेबंद बरोबर, पण ज्याला उद्या ते बेअरिंग हवंय त्याच्यासाठी दोन्ही नोंदी चुकीच्या.

ही चूक महाग पडू लागली ती १९६०-७० च्या दशकांत. कारखान्यांनी सुट्या भागांची मागणी संगणकावर काढायला सुरुवात केली आणि खरेदीचा आकडा नोंदीतल्या शिल्लकेवर ठरू लागला. शिल्लक खोटी म्हणजे खरेदीही खोटी. सायकल काउंट या गरजेतून रुजला. रोज थोडे आयटम मोजायचे, फरक निघाला की कारण ताजं असतानाच शोधायचं. काय किती वेळा मोजायचं हे एबीसी वर्गवारीने ठरतं: वर्षभरात ज्यांच्यावर जास्त पैसा जातो ते आयटम ‘ए’त, मधले ‘बी’त, बाकीचे ‘सी’त. समजा ३,००० आयटम आहेत. ‘ए’चे ३०० वर्षातून चारदा, ‘बी’चे ६०० दोनदा, ‘सी’चे २,१०० एकदा: एकूण ४,५०० मोजण्या. कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला १५.

आकडा सोपा दिसतो, फसगत वेळेत होते. वार्षिक मोजणीत गोदाम बंद असतं. शेवटचा आवक नंबर आणि शेवटचं चलन लिहून ठेवलं की सीमारेषा पक्की होते. सायकल काउंट चालू गोदामात होतो. नोंदीत २४० नग आहेत, खणात २१६ भरले. खरं तर २४ चा एक खोका पिकिंग होऊन डिस्पॅचच्या जागेत ठेवलाय, चलन अजून व्हायचंय. मोजणाऱ्याने घाईत २४ ची तूट टाकली, नोंद २१६ झाली. संध्याकाळी चलन झालं, नोंद १९२ वर आली. खणात मात्र २१६ आहेतच. पुढच्या मोजणीत २४ ‘जास्त’ निघतात आणि मग कोणी तरी तेही जमा करून टाकतं. एकाच आयटमला आधी तूट, मग तेवढीच वाढ दिसली की चोरीचा संशय घेण्याआधी चलनाची वेळ बघावी. उपाय म्हणजे पहिली पिकिंग लिस्ट निघण्याआधी सकाळी मोजणं, किंवा मोजणी होईपर्यंत तो खण सिस्टिममध्ये ब्लॉक करणं. मोजणाऱ्याच्या कागदावर नोंदीतली शिल्लक छापू नये. ती दिसली की माणूस तिच्याच जवळपास मोजतो.

मग निवड कशी करायची? खणांना पत्ते नसतील, एकच माल चार ठिकाणी पसरलेला असेल किंवा चलनं दोन-दोन दिवस उशिरा चढत असतील, तर सायकल काउंट सुरू करू नये. रोज नवे खोटे फरक निघतील आणि महिन्याभरात कोणी त्यांच्याकडे बघणार नाही. आधी एकदा पूर्ण मोजणी करून शिल्लक बसवावी. दोनशे-तीनशे आयटम असतील, किंवा हंगाम संपल्यावर गोदाम जवळजवळ रिकामं होत असेल, तर वर्षाअखेरची एक मोजणीच स्वस्त पडते. हजारो आयटम असतील आणि दोन दिवस डिस्पॅच थांबवणं परवडत नसेल, तिथे सायकल काउंट.

लेखापरीक्षकाला दोन्ही चालू शकतं. कंपन्यांच्या लेखापरीक्षकाने अहवालात काय सांगायचं हे ठरवणाऱ्या ‘कारो २०२०’ या सरकारी आदेशात साठ्याची पडताळणी वाजवी अंतराने झाली का, हे विचारलं जातं. कुठल्याही वर्गात एकूण १० टक्के किंवा अधिक फरक निघाला होता का, आणि तो हिशेबात नीट दाखवला का, हेही. सायकल काउंटवर अवलंबून राहणाऱ्याला दाखवावं लागतं की वर्षभरात प्रत्येक आयटम निदान एकदा मोजला गेला. ‘सी’ वर्गातले आयटम इथेच मागे राहतात. म्हणून ‘१ एप्रिलपासून एकदाही न मोजलेले’ असा रिपोर्ट डिसेंबरअखेर काढावा आणि त्यातले आयटम फेब्रुवारीपर्यंत उरकावेत. मार्चमध्ये डिस्पॅचची गर्दी असते, तेव्हा मोजायला माणसं मिळत नाहीत.