हॅशमॅप (जावा) : बकेट, रिसाइझ आणि क्रम

जावा १.२ (१९९८) पासून असलेला की-व्हॅल्यू साठा. वापर सगळ्यांना माहीत असतो, म्हणून इथे फक्त आत काय चालतं आणि क्रम का टिकत नाही तेवढंच. आत एक ॲरे असतो, त्यातला एकेक खण म्हणजे बकेट, आणि सुरुवातीला असे १६ खण. की कुठे जाईल ते हे ठरवतं (n म्हणजे खणांची संख्या) :

```java
int h = key.hashCode();
int i = (h ^ (h >>> 16)) & (n - 1);
```

गोव्यातले पिनकोड `Integer` की म्हणून टाकून बघा. पणजी 403001, फोंडा 403401, मडगाव 403601, म्हापसा 403507, याच क्रमाने. म्हापसा ५ मध्ये जातं, मडगाव ७ मध्ये, आणि पणजी-फोंडा दोघं १५ मध्येच आदळतात, मग तिथे लिंक्ड लिस्ट होते, पणजी पुढे आणि फोंडा मागे. लूप खण ० पासून चालतो, त्यामुळे प्रिंट होतं म्हापसा, मडगाव, पणजी, फोंडा.

लोड फॅक्टर ०.७५, म्हणजे १६ खणांना मर्यादा १२; तेरावी की आली की ॲरे ३२ चा होतो. हॅश परत काढत नाहीत, फक्त एक वरचा बिट बघतात, तो शून्य असला तर की जुन्याच खणात, नाहीतर जुना खण अधिक १६. इथे फोंडा १५ वरच राहतं आणि पणजी ३१ ला जातं, म्हापसा २१, मडगाव २३. आता या चौघांत फोंडा पहिलं नि पणजी शेवटचं! चार गावांवर पास झालेली टेस्ट तेरा गावांवर फेल होते ती अशी, आणि टाकल्याचाच क्रम हवा असेल तर `LinkedHashMap` घ्यायचा.

खणातली लिस्ट फार लांबली तर तिच्या जागी ट्री, ही सोय जावा ८ मध्ये (२०१४) आली. मुद्दाम एकच हॅश येणाऱ्या की पाठवून सर्व्हर लोळवायचा हल्ला २०११ च्या सुमारास गाजला, कारण बहुधा तेच, पण वेग वाढवणं हेही या बदलाच्या प्रस्तावात होतं. पहिलं कारण जास्त पटतं. खणात ८ नोड असताना नववा आला की लिस्टची रेड-ब्लॅक ट्री होते, पण ॲरे किमान ६४ चा असेल तरच. `hashCode()` कायम ४२ परत करत असेल तर नवव्या कीला ॲरे ३२ होतो, दहाव्याला ६४, आणि अकराव्याला कुठे ट्री. रिसाइझमध्ये एका बाजूला ६ किंवा कमी उरले तर परत लिस्ट. आठच का, तर सोर्समधल्या कमेंटनुसार हॅश नीट पसरले असतील तर एका खणात ८ नोड यायची शक्यता ०.०००००००६, म्हणजे ट्री दिसली तर आधी आपला `hashCode()` तपासावा. आणि हॅश सारखेच असतील व की `Comparable` नसतील तर ट्रीचाही शोधताना फारसा उपयोग नाही, डावी-उजवी दोन्हीकडे बघावं लागतं.

ट्री झाली तरी लूप मात्र नोडच्या जुन्या `next` साखळीनेच फिरतो, पण ट्रीच्या मुळाशी असलेला नोड उचलून पुढे ठेवतात, म्हणजे तिथेही क्रम थोडा हलतोच.